तीन वर्षांचे मूल आणि शाळेचा पहिला पंधरवडा

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडल्या, की शहरातील कोणत्याही बालवर्गाच्या दाराशी पहिले काही दिवस एकच देखावा दिसतो. नवे दप्तर पाठीला लावलेली तीन-तीन वर्षांची मुले आईच्या पदराला किंवा ओढणीला घट्ट धरून उभी असतात. काही मोठ्याने रडत असतात, काही नुसतीच टकमक पाहत असतात. एखादे मूल मात्र मागे वळूनही न पाहता थेट आत निघून जाते, आणि मग इतर आया आपल्या रडणाऱ्या मुलाकडे पाहून मनाशी विचारतात, की आपले मूल अजून शाळेसाठी तयार नव्हते की काय?

हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर आपण बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधतो. मूल रंग ओळखते, वीसपर्यंत अंक म्हणते, चार बालगीते हावभावांसह म्हणून दाखविते, यावरून ते शाळेस योग्य झाले असे पुष्कळ घरी मानले जाते. वस्तुतः या गोष्टी शाळेतच यावयाच्या असतात. त्या आधी आल्या नाहीत म्हणून कोणाचे काही अडत नाही. सरकारने २०२०मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिल्या इयत्तेचे वय सहा वर्षे धरून त्याआधीची तीन वर्षे खेळातून शिकण्यासाठी राखली आहेत. तेव्हा अक्षरांची घाई तूर्त बाजूस ठेवावी. तीन वर्षांच्या मुलापुढे पहिल्या दिवशी जे खरे कोडे उभे राहते ते निराळेच असते. आई दृष्टीआड झाली आहे, जागा अनोळखी आहे, आणि पोटात दुखले, शू लागली, कोणी ढकलले, तर जायचे कोणाकडे?

या कोड्याचे उत्तर ज्या मुलास सापडते ते शाळेत रुळते. म्हणून आजच्या भाषणात मी एकच गोष्ट सांगणार आहे. मूल शाळेस तयार असणे याचा अर्थ, आई जवळ नसताना दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाकडून सांत्वन करून घेणे त्यास साधणे, हा होय. ही पात्रता काही अंशी घरी तयार होते. पण बरीचशी शाळेच्या पहिल्या दोन आठवड्यांतच, त्या विशिष्ट बाईंच्या सहवासात तयार होते. ती तेथे कशी तयार करावी, आणि ती झाली किंवा नाही हे कसे ओळखावे, एवढाच आजचा विषय.

प्रथम घरची तयारी पाहू. शाळा सुरू होण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे हाताशी असले तर पुरेत. या काळात मूल आईवडिलांवाचून दोन-तीन तास कोठेतरी राहिले आहे काय, हे पाहावे. आजीकडे, मावशीकडे किंवा शेजारच्या ओळखीच्या घरी ते राहिले असेल, आणि आई गेल्यावर रडले तरी त्या माणसाच्या मांडीवर शांत झाले असेल, तर निम्मे काम झाले असे समजावे. आई गेली तरी परत येते, हा अनुभव त्यास मिळालेला असतो. ज्या घरी असा प्रसंगच आलेला नाही, तेथे तो मे महिन्यात मुद्दाम आणावा. प्रथम अर्धा तास, मग एक तास, मग दोन तास असा तो वाढवावा. आजकाल दोन खोल्यांच्या घरात केवळ आई, वडील आणि मूल एवढीच माणसे असतात. अशा घरातील मुलास ही सवय आपोआप लागत नाही.

दुसरी तयारी आपली गरज सांगता येण्याची. मूल शुद्ध बोलले पाहिजे असे नाही. पण तहान, भूक, शू आणि दुखणे या चार गोष्टी त्याने शब्दाने वा खुणेने अनोळखी माणसास कळविल्या पाहिजेत. येथे शहरी घरांतून एक अडचण हमखास येते. प्रत्येक घराचे काही खास शब्द असतात. कोणी पाण्यास ‘भू’ म्हणते, कोणी जेवणास ‘मम्मं’ म्हणते, कोणाची ‘छी’ म्हणजे काय हे फक्त त्याच्या आजीस ठाऊक असते. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तर बाई पहिल्याच दिवसापासून इंग्रजीत बोलू लागतात, आणि ज्यास ‘वॉटर’ हा शब्द ठाऊक नाही ते मूल अडीच तास तहानलेले बसून राहते. यावर उपाय अगदी साधा आहे. अशा आठ-दहा शब्दांची यादी एका चिठ्ठीवर लिहून ती पहिल्याच दिवशी बाईंच्या हाती द्यावी, आणि निदान पहिला महिना तरी मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलावे अशी विनंती करावी. रडणाऱ्या मुलाची समजूत परक्या भाषेत पटत नसते.

तिसरी तयारी हातांची. डबा उघडणे, पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरविणे, चड्डी खाली-वर करणे, चपला काढून ठेवणे, ही कामे मुलास थोडीफार यावीत. म्हणूनच चड्डी बटनांची व पट्ट्याची नसावी, इलॅस्टिकची असावी. आणि जो डबा शाळेत न्यावयाचा तोच दोन आठवडे घरी खाऊसाठी वापरावा. शौचाच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे, की घरी महिनोन् महिने कपडे न भिजविणारे मूलही शाळेत पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा भिजविते. तेथील शौचकूप निराळे, अंधारे किंवा मोठा आवाज करणारे असते, आणि सांगावयाचे कोणास हेही कळत नसते. त्याबद्दल रागावू नये. कपड्यांचा एक जादा जोड पिशवीत घालावा.

प्रवेश काही आठवडे पुढे ढकलणे केव्हा योग्य, हेही येथेच सांगतो. घरात नुकतेच दुसरे बाळ जन्मले आहे, बिऱ्हाड बदलले आहे, अथवा मूल मोठ्या दुखण्यातून उठले आहे, अशा वेळी दोन बदल एकाच वेळी मुलावर लादू नयेत. एक महिनाभर थांबावे. मूल तीन वर्षांचे होऊनही दोन-तीन शब्दांचे वाक्य जोडत नसेल, किंवा परक्या माणसास त्याचे बहुतेक बोलणे कळत नसेल, तर मात्र ‘शाळेत गेले की बोलेल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. शाळा थांबविण्याचे कारण नाही; पण बालरोगतज्ज्ञांस दाखवून त्याचे कान तपासून घ्यावेत. कमी ऐकू येणारे मूल वर्गात हट्टी किंवा बावळट ठरते, आणि खरे कारण कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आता शाळेतील पहिल्या दिवसांकडे वळू. जर्मनीत बर्लिन येथील ‘इन्फान्स’ या संस्थेने १९८० नंतरच्या दशकात मुलांस बालगृहात रुळविण्याची एक पद्धत बसविली. त्या देशात ती आता सर्वपरिचित आहे. मूळ पद्धत तीन वर्षांखालील मुलांसाठी होती. परंतु आपल्याकडील तीन वर्षांच्या मुलासही ती चांगली लागू पडते. तिचे सूत्र असे. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर वर्गात सुमारे एक तास बसतात आणि मुलास बरोबर घेऊनच परत जातात. या तीन दिवसांत ताटातूट मुळीच करावयाची नाही. चौथ्या दिवशी आई मुलाचा निरोप घेऊन खोलीबाहेर जाते. पण इमारतीतच राहते. मूल बाईंपाशी लवकर शांत झाले तर ही वेळ जास्तीत जास्त अर्ध्या तासापर्यंत नेतात. शांत झाले नाही तर दोन-तीन मिनिटांतच आईला परत बोलावतात. या चौथ्या दिवशी मूल कसे वागले यावरून पुढचा काळ ठरतो. काही मुलांस सुमारे सहा दिवस पुरतात, काहींस दोन-तीन आठवडे लागतात. हा चौथा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत, कारण दोन दिवसांच्या सुटीने झालेली ओळख पुसट झालेली असते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका कल्पित मुलीच्या उदाहरणाने पाहू. तिला आपण चिमणी म्हणू. वय तीन वर्षे दोन महिने. आईवडील दोघेही नोकरी करणारे. शाळा सोमवार ते शुक्रवार, रोज अडीच तासांची. आईने दोन आठवडे सकाळची रजा काढली आहे. जिथे आईस रजा मिळत नाही तेथे वडिलांनी, आजीने किंवा आजोबांनी हे काम करावे. मात्र ते काम करणारे माणूस रोज बदलू नये.

चिमणीची शाळा मंगळवारी सुरू करतात, म्हणजे चौथा दिवस शुक्रवारी येतो. मंगळवारी आई वर्गाच्या एका कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसते. चिमणी वीस मिनिटे तिच्या मांडीवरून उतरत नाही. आईने या वेळी ‘जा ना, बघ ती मुले कशी खेळतात’ असे म्हणून तिला ढकलावयाचे नाही, आणि स्वतः तिच्याशी खेळत बसावयाचेही नाही. तिने फक्त तेथे असावे. बाईही एकदम चिमणीस उचलून घेत नाहीत. त्या जवळच जमिनीवर बसून मातीचे गोळे करतात आणि एक गोळा चिमणीच्या हाताला लागेल असा ठेवून देतात. तासाभराने मायलेकी घरी जातात.

बुधवारी चिमणी मातीपर्यंत जाते आणि तीनदा परत येऊन आईच्या गुडघ्याला हात लावून पुन्हा जाते. पुष्कळ आयांस हे येणे-जाणे म्हणजे मुलाचा भित्रेपणा वाटतो. परंतु ते अगदी शुभ चिन्ह आहे. दूर गेले तरी आधार जागच्या जागी आहे, याची ती खात्री करून घेत असते. गुरुवारी आई दाराशी उभी असताना बाई तिला शू करावयास नेतात, हात धुवून देतात, आणि डबा उघडावयास मदत करतात. हा दिवस दिसावयास किरकोळ, पण मोलाचा. आईच्या देखत बाईंनी अंगाला हात लावावयाची, मदत करावयाची परवानगी त्या दिवशी मिळालेली असते.

शुक्रवारी आई दहा मिनिटे बसून उठते, खाली वाकून म्हणते, “मी आता बाहेर जाते. बाईंची गोष्ट संपली की येते,” एकदा जवळ घेते आणि जाते. चिमणी मोठ्याने रडते. बाई तिला कडेवर घेऊन खिडकीशी जातात आणि पाऊस दाखवितात. ‘रडू नकोस’ असे त्या म्हणत नाहीत. ‘तुला आई हवी आहे ना? आई येणार आहे,’ असे म्हणतात. चार मिनिटांनी रडण्याचे हुंदके होतात. चिमणी घोटभर पाणी पिते. बाईंच्या खांद्यावर डोके ठेवते. थोड्या वेळाने कडेवरूनच मातीकडे बोट दाखविते. पंचवीस मिनिटांनी गोष्ट संपते आणि आई येते. त्या दिवशी दोघी लगेच घरी जातात, कारण ‘आई आली म्हणजे घरी जायचे’ हा क्रम मुलाच्या मनात पक्का व्हावयास हवा.

आई तिच्या दृष्टीआड असताना चिमणीने बाईंच्या खांद्यावर डोके ठेवले, हा या चार दिवसांतील निर्णायक क्षण होय. ती रडली किंवा नाही याला तितकेसे महत्त्व नाही. रडून ती ज्याच्याकडे गेली ते माणूस तिला सापडले, हे महत्त्वाचे.

पुढच्या सोमवारी सुटीमुळे चिमणी अधिक, सुमारे सात मिनिटे रडते. म्हणून त्या दिवशी वेळ वाढवीत नाहीत, अर्धाच तास ठेवतात. मंगळवारी एक तास, बुधवारी डबा खाईपर्यंत, गुरुवारी डब्यानंतरच्या खेळापर्यंत, आणि शुक्रवारी पूर्ण अडीच तास, असा क्रम जातो. म्हणजे नऊ शाळादिवसांत मूल पूर्ण वेळेवर आले. कोणास यास पाच दिवस लागतील, कोणास पंधरा. नियम एवढाच, की आदल्या दिवसाची वेळ पचल्यावाचून पुढचा तास घालू नये.

यातील निरोपाविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण घोळ बहुधा तेथेच होतो. मूल खेळात रमले की नजर चुकवून निघून जावे, असा सल्ला वडीलधारी माणसे प्रेमाने देतात. त्या दिवसापुरते रडणे त्याने टळते, हे खरे. पण थोड्या वेळाने मूल मागे वळून पाहते तो आई नाही. त्यावरून ते एवढेच शिकते, की आपण खेळात गुंतलो की आई नाहीशी होते. मग ते खेळातच गुंतत नाही. घरीदेखील आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी उभे राहून ओरडते. उलट बाजूची चूक म्हणजे लांबलेला निरोप. ‘जाऊ ना? खरंच जाऊ?’ असे आईने तीनदा विचारले, की जाणे योग्य नाही असे आईलाही वाटते आहे, असे मुलास वाटते. सांगावे, जवळ घ्यावे, निघावे. एक मिनिट पुरे. आणि निघाल्यावर रडणे ऐकून दारातून डोकावू नये. बाईंनी बोलावले तर मात्र ताबडतोब जावे.

परत येण्याची वेळ घड्याळाने सांगू नये. तीन वर्षांच्या मुलास ‘साडेअकरा’ म्हणजे काहीच नाही. ‘डबा, मग गोष्ट, मग आई’ हे मात्र त्यास पुरते कळते. आणि सांगितलेल्या क्रमाप्रमाणे आई खरोखरच आली पाहिजे. पहिल्या पंधरवड्यात न्यावयास दहा मिनिटे उशीर होण्यापेक्षा दहा मिनिटे आधी जाऊन दाराबाहेर थांबणे बरे. इतर मुले एकेक करून निघून जाताना पाहत बसलेले मूल दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशीच पाय रोवते.

काही मुले आईचा रुमाल, पांघरुणाचा तुकडा किंवा एखादी चिंध्यांची बाहुली बरोबर नेऊ पाहतात. डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने अशा वस्तूंवर १९५१ साली एक प्रसिद्ध निबंध वाचला होता. आई आणि बाहेरचे जग यांच्यामधला तो एक पूल आहे, असे त्याच्या म्हणण्याचे सार. घरची वस्तू वर्गात नको असा नियम असला, तरी पहिला महिना त्यास अपवाद करावा. मूल रुळले की रुमाल आपोआप दप्तरात जातो, आणि काही दिवसांनी घरीच राहतो.

आता त्या मुलाविषयी, जे रडतच नाही. पहिल्याच दिवशी खेळात शिरणारे, पडले तर बाईंकडे धावणारे, हसणारे मूल असेल तर काळजीचे काही कारण नाही. परंतु दुसरे एक न रडणारे मूल असते. ते दाराजवळ दप्तर पाठीवर तसेच ठेवून उभे राहते; डबा उघडत नाही, पाणी पीत नाही, कोणाशी बोलत नाही, आणि सांगितलेले निमूट करते. त्यास सर्वजण ‘शहाणा मुलगा’ म्हणतात आणि बाईंचे लक्ष साहजिकच रडणाऱ्यांकडे जाते. हाच मुलगा घरी आला की चपलेच्या बंदावरून अर्धा तास आकांत करतो. आईस वाटते, शाळेत शहाणा आणि घरी मात्र हट्टी! वास्तविक शाळेत दाबून धरलेले रडे तो आपल्या माणसाजवळ मोकळे करीत असतो.

गप्प बसणे आणि रुळणे यांतील हा भेद जगाच्या ध्यानात आणून देण्याचे श्रेय जेम्स रॉबर्टसन यास आहे. रुग्णालयात एकटे ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे त्याने टिपलेले चित्रण १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी लहान रुग्णांस आईबापांची भेट फार थोडी मिळे. मुले प्रथम रडत, मग शांत होत, आणि परिचारिका म्हणत की मूल रुळले. रॉबर्टसनने दाखविले, की ती शांतता समाधानाची नव्हती. ती आशा सोडल्याची होती. रोजच्या अडीच तासांची शाळा म्हणजे रुग्णालय नव्हे, आणि तुलना फार ताणू नये. तरीही शांतता पाहून फसू नये, हा धडा दोन्हीकडे सारखाच. बर्लिनमध्ये सव्वा वर्षाच्या सुमारास बालगृहात जाऊ लागलेल्या मुलांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे द्रव्य, मोजण्यात आले. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आई निघून गेल्यावर ते द्रव्य सर्वसाधारणपणे मुलांत बरेच वाढलेले आढळले. मात्र आई बरोबर बसत असे त्या सुरुवातीच्या दिवसांत, आईशी निर्धास्त नाते असलेल्या मुलांत ते कमी होते. आईने नुसते कोपऱ्यात बसून राहणे व्यर्थ नसते, याचा हा पुरावा.

अशा गप्प मुलासाठी उपाय तोच, फक्त मागे जाऊन करावयाचा. आईने पुन्हा दोन दिवस वर्गात बसावे; बाईंनी त्याच्यासाठी रोजची दहा मिनिटे राखून ठेवावीत, तीही बोलण्यासाठी नव्हेत, तर शेजारी बसून काही करण्यासाठी. त्याला एखादे छोटे काम द्यावे, जसे चटया मांडणे किंवा झाडास पाणी घालणे. दप्तर पाठीवरून खाली उतरले, आणि एखाद्या दिवशी तो आईसाठी रडला, तर ती प्रगतीच समजावी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडते आणि ती पालकांस चकित करते. आनंदाने जाणारे मूल एकाएकी ‘शाळा नको’ म्हणू लागते. नवलाई संपलेली असते, आणि ही गोष्ट आता रोजचीच आहे हे त्यास कळलेले असते. याच सुमारास सर्दी-ताप सुरू होतात. इतर मुलांच्या सहवासात प्रथमच आलेले मूल पहिल्या पावसाळ्यात वरचेवर आजारी पडते. चार-पाच दिवस घरी राहून ते परतले की पुन्हा रडते. हे मागे जाणे तात्पुरते असते. अशा वेळी दोन दिवस वेळ कमी करावा आणि निरोपाचा तोच क्रम ठेवावा. रात्री दचकून उठणे, अंथरूण भिजविणे, आईस चिकटून राहणे ही लक्षणे पहिले काही आठवडे क्षम्य मानावीत. दुपारची झोप थोडी लवकर घ्यावी, घरी आल्यावर लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नये, आणि ‘आज रडलास का?’ हा प्रश्न तर विचारूच नये. घरच्या धाकासाठी ‘थांब, बाईंना सांगते,’ असे कधीही म्हणू नये. ज्या माणसाचा आधार मुलास वाटावयास हवा त्याच माणसाची भीती आपण घालतो.

मग काळजी केव्हा करावी? सुमारे सहा आठवडे नियमित जाऊनही मूल बहुतेक वेळ रडत असेल, शाळेत खाणेपिणे किंवा शू करणे टाळीत असेल, येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, अथवा एका विशिष्ट माणसाचे नाव काढताच घाबरत असेल, तर ‘सवय होईल’ असे म्हणू नये. अंगावर न उमजणारे वळ दिसले तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी मुलात काय कमी आहे हे शोधण्याआधी शाळेत काय चालले आहे ते पाहावे. वर्गात मुले किती आणि बाई किती, त्याच बाई रोज असतात की बदलतात, रडणाऱ्या मुलास कोण घेते, या प्रश्नांची उत्तरे खरे तर प्रवेशापूर्वीच विचारून ठेवावीत. एकट्या बाईंपुढे तीस मुले असतील, तर त्या कितीही प्रेमळ असल्या तरी चिमणीस कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या राहू शकणार नाहीत.

अनेक शाळा पालकांस वर्गात बसू देत नाहीत. इतर मुले विचलित होतात, असे त्यांचे म्हणणे असते, आणि त्यात काही तथ्यही आहे. अशा ठिकाणी निदान तीन गोष्टी मागून पाहाव्यात: सुटीत एकदा रिकामा वर्ग मुलास दाखविणे, बाईंची भेट शाळा सुरू होण्याआधी घडविणे, आणि पहिला आठवडा तासाभरातच न्यावयास येण्याची मुभा. सगळी नवी मुले एकाच दिवशी न घेता चार-चारांच्या गटाने घेतली, तर बाईंसही काम सोपे जाते. ही सूचना पालकांनी मिळून केली तर ती सहसा मानली जाते. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचा उगम त्या कामात आहे. शहरातील शाळा अंगणात नेता येणार नाही. पण ओळखीच्यातून अनोळखीत मुलास पायरीपायरीने न्यावे, हे तत्त्व तेच.

शेवटी, मूल रुळले हे ओळखण्याची खूण. सकाळी निरोपाच्या वेळी ते कदाचित अजूनही दोन मिनिटे रडेल. त्यावरून काही ठरवू नये. बाईंना तीनच प्रश्न विचारावेत. आम्ही गेल्यावर रडणे किती वेळ टिकते? लागले-खुपले तर ते तुमच्याकडे येते काय? डबा खाते काय? रडणे पाच-दहा मिनिटांत थांबत असेल आणि उरलेल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे आले, तर आपले मूल शाळेत पोहोचले. मग एके दिवशी न्यावयास गेल्यावर ते आपल्याकडे धावत येईल, आणि लगेच हात धरून पुन्हा आत ओढील. त्याला आपण केलेला मातीचा लाडू आईला दाखवावयाचा असेल.